चेहऱ्याचे खास मुखत्यारपत्र

चित्रपटकलेचे शिक्षण घेणारी एक विद्यार्थिनी गेल्या पावसाळ्यात एका ई-मेलचा मसुदा घेऊन माझ्याकडे आली, तेव्हा तिची अपेक्षा एवढीच होती की मी त्यातील शुद्धलेखन तपासून द्यावे. बारा मिनिटांचा तिचा माहितीपट ऊसतोडणीला जाणाऱ्या एका बाईच्या बयानावर उभा होता. मुकादमाकडून घेतलेली उचल तीन हंगाम उलटले तरी कशी फिटली नाही आणि फडावर कसला जाच सोसावा लागला, हे त्या बाईने कॅमेऱ्यासमोर सविस्तर सांगितले होते; मात्र आपला चेहरा कोठेही दिसता कामा नये, ही तिची अट होती. चेहऱ्यावर काळी पट्टी ओढावी किंवा तो धूसर करावा, तर पाहणाऱ्याला ती साक्षीदार न वाटता आरोपी वाटते, म्हणून विद्यार्थिनीने निराळा मार्ग काढला होता. पश्चिम महाराष्ट्रातील एका हौशी नाट्यसंस्थेत काम करणाऱ्या, चाळिशीतल्या एका अभिनेत्रीने मानधन न घेता साहाय्य करण्याची तयारी दाखवली होती आणि तिचा चेहरा संगणकाच्या द्वारे त्या बाईच्या चेहऱ्यावर बसवावयाचा होता. मसुद्यात मजकूर होता तो असा : ‘आमच्या लघुपटासाठी तुमचा चेहरा ए.आय.च्या मदतीने वापरायचा आहे. सोबतच्या फॉर्मवर सही करून पाठवावी.’ आणि फॉर्मवर, जसे अशा फॉर्मांवर नेहमीच असते तसे, सर्व माध्यमांत, सर्व काळासाठी आणि जगभर वापर करण्याची मुभा मागितलेली होती.

शुद्धलेखनाची चूक त्यात एकही नव्हती. परंतु आपल्याकडे घर विकण्यासाठी दुसऱ्याच्या हाती अधिकार द्यावयाचा झाला, तर कुलमुखत्यारपत्र आणि खास मुखत्यारपत्र यांतील अंतर साधा शेतकरीही जाणतो. गट क्रमांक, चतुःसीमा आणि मुदत यांच्यावाचून कोणी अंगठा उठवीत नाही. चेहऱ्याच्या बाबतीत मात्र सुशिक्षित माणसेही कुलमुखत्यारपत्र डोळे मिटून लिहून देतात, आणि त्याचे कारण त्यांचा निष्काळजीपणा हे नसून त्या चेहऱ्याचे पुढे काय होणार आहे हे त्यांना कोणी नीट सांगितलेलेच नसते, हे आहे. तेव्हा असे पत्र लिहिणाऱ्याने काय काय सांगणे अवश्य आहे, या एका प्रश्नाचा, म्हणजे त्यातील यंत्राचा, पूर्वानुभवाचा आणि कायद्याचा, एकत्र आढावा घ्यावा असे मला वाटले.

प्रथम शब्दाचाच घोळ आहे. ‘चेहरा बदलणे’ या क्रियेला दोन दिशा आहेत आणि बहुतेक पत्रे त्यांतील कोणती अभिप्रेत आहे हे सांगतच नाहीत. एका प्रकारात नट स्वतः अभिनय करतो आणि त्याच्या अंगावर दुसऱ्याचा चेहरा चढतो. तेथे त्याचे श्रम राहतात आणि ओळख जाते. दुसऱ्या प्रकारात अभिनय किंवा बयान दुसऱ्याचे असते आणि नटाचा केवळ चेहरा त्यावर येतो. तेथे त्याची ओळख राहते, परंतु त्या ओळखीच्या मुखातून निघणारे शब्द आणि त्या मुखावर उमटणारे भाव यांपैकी काहीच त्याचे नसते. फाळकेकृत 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके राम आणि सीता ही दोन्ही पात्रे झाले, तेव्हा प्रेक्षकाला दोन व्यक्ती दिसल्या तरी दोहोंच्या मुद्रा साळुंक्यांनी स्वतः धारण केलेल्या होत्या. येथे तो आधारच सुटतो. आमच्या विद्यार्थिनीचा प्रकार दुसरा होता, आणि त्याचा अर्थ असा की हौशी रंगभूमीवरील ती अभिनेत्री पडद्यावर रडेल, पण ते रडणे तिचे नसेल. मुकादमावर आरोप करील, पण तो आरोप तिने केलेला नसेल. माझ्या मते पत्रातील पहिले वाक्य हेच असावयास पाहिजे, आणि त्यापुढचे सर्व तपशील याच वाक्याचे स्पष्टीकरण म्हणून यावयास पाहिजेत.

या पद्धतीचा माहितीपटात प्रथम मोठ्या प्रमाणावर आणि विचारपूर्वक उपयोग झाला तो डेव्हिड फ्रान्स यांच्या ‘वेलकम टू चेचन्या’ या 2020 च्या चित्रपटात. चेचन्यातील छळापासून पळ काढणाऱ्या समलिंगी स्त्रीपुरुषांची ती हकीकत असल्याने त्यांची ओळख उघड होणे म्हणजे त्यांच्या जिवावर बेतणे होते. दृश्यपरिणामांचे प्रमुख रायन लेनी यांनी या लोकांच्या चेहऱ्यांवर स्वेच्छेने पुढे आलेल्या वीसहून अधिक व्यक्तींचे चेहरे बसवले. हे स्वयंसेवक मुख्यतः न्यूयॉर्कमधील कार्यकर्ते होते, आणि निळ्या पडद्यापुढे बसवून अनेक कॅमेऱ्यांनी एकाच वेळी निरनिराळ्या कोनांतून त्यांचे चित्रण करण्यात आले होते. प्रेक्षकाची सहानुभूती कोणत्या पद्धतीत टिकते, याची डार्टमथ महाविद्यालयातील मानसशास्त्रज्ञ थालिया व्हीटली यांच्या साहाय्याने आधी परीक्षा घेण्यात आली. आणि विशेष असे की बदललेल्या चेहऱ्याभोवती किंचित धूसर कडा जाणूनबुजून राखण्यात आली, जेणेकरून हा मुखवटा आहे हे पाहणाऱ्याला सतत कळत राहावे. चित्रपटात एका क्षणी मॅक्सिम लापुनोव्ह हा तरुण पत्रपरिषदेत आपल्या खऱ्या नावाने उभा राहतो, आणि तेथे परका चेहरा विरघळून त्याचा स्वतःचा प्रकट होतो. तंत्राचा इतका अर्थपूर्ण उपयोग मी दुसरा पाहिलेला नाही. पुढे 2023 मध्ये ‘अनदर बॉडी’ या माहितीपटाने, जिच्या चेहऱ्याचा बनावट अश्लील चित्रफितींसाठी दुरुपयोग झाला अशा एका विद्यार्थिनीची हकीकत सांगताना, तिला झाकण्यासाठी हेच साधन वापरले, आणि दिसणारा चेहरा तिचा नव्हे हे प्रेक्षकाला चित्रपटातच सांगून टाकले.

आमची विद्यार्थिनी याच पूर्वोदाहरणावर विसंबून होती, आणि नेमके तेथेच तिच्या लक्षात न आलेले एक अंतर होते. न्यूयॉर्कच्या कार्यकर्त्याचा चेहरा ग्रोझ्नीच्या माणसावर बसवला, तर त्या कार्यकर्त्याला ग्रोझ्नीत कोणी ओळखत नाही आणि त्याच्या वस्तीतील कोणी त्याला चेचेन समजत नाही. हजारो मैलांचे अंतर हीच चेहरा देणाऱ्याची ढाल असते. पण मराठवाड्यातील बाईवर सातारा-सांगलीकडच्या बाईचा चेहरा बसवला, तर दोघींची भाषा एक, एस.टी.चे जाळे एक, आणि साखर कारखानेही तेच, कारण तोडणीच्या टोळ्या मराठवाड्यातून निघून याच भागातील फडांवर येतात. मुकादमाच्या एखाद्या नातलगाने तो लघुपट मोबाइलवर पाहिला, तर ज्या बाईने आरोप केला तिला तो ओळखणार नाही हे खरे. परंतु जिने केलाच नाही तिला बाजारात ओळखील, हेही तितकेच खरे. म्हणजे ही योजना संकट नाहीसे करीत नाही, ते एका स्त्रीवरून दुसरीवर सरकवू शकते. ही शक्यता पत्रात नसेल, तर बाकीचा सारा तपशील भरलेला असूनही ते पत्र अपुरेच राहते.

आता यंत्राकडे वळू. त्याचे कार्य समजण्यास गणित लागत नाही. दोघींच्या चेहऱ्यांची हजारो चित्रे संगणकाला पुरवतात. त्यातील एक भाग, ज्याला एन्कोडर म्हणतात, तो दोघींना समाईक असतो आणि प्रत्येक चित्रातून मान किती वळली आहे, ओठ किती उघडले आहेत, उजेड कोठून येतो आहे अशा गोष्टींचा गोषवारा काढण्यास शिकतो. त्या गोषवाऱ्यावरून पुन्हा चेहरा रंगवणारे डिकोडर मात्र दोन, प्रत्येकीचा स्वतंत्र. शिक्षण पूर्ण झाल्यावर बयान देणाऱ्या बाईच्या चित्राचा गोषवारा अभिनेत्रीच्या डिकोडरकडे सोपवावयाचा, की भाव बाईचे आणि मुद्रा अभिनेत्रीची असे चित्र बाहेर पडते. विद्यार्थीवर्गात बराच प्रचलित असलेल्या डीपफेसलॅब या प्रणालीत चेहरा देणारीचे साहित्य `data_src` या फोल्डरमध्ये, तो धारण करणारीचे `data_dst` मध्ये आणि शिकलेले यंत्र `model` मध्ये साठते. ही तीन नावे ध्यानात ठेवावीत, कारण पुढे संमतीचा सारा प्रश्न याच तीन जागांभोवती फिरणार आहे.

प्रमाणे सांगावयाची, तर आमच्या उदाहरणात बाईचा चेहरा दिसणारा भाग सुमारे चार मिनिटांचा होता. सेकंदाला पंचवीस चित्रे या हिशेबाने ती 6,000 चित्रे झाली. अभिनेत्रीचे वीस मिनिटांचे चित्रण म्हणजे 30,000 चित्रे. त्यांतील दर पाचवे घेतले तरी 6,000 होतात आणि तेवढी पुरतात, मात्र त्यांत विविधता हवी. समोर, डावीकडे, उजवीकडे, वर, खाली पाहणे, बोलणे, गप्प राहणे, डोळे मिटणे, हसणे, कपाळाला आठ्या घालणे हे सर्व, आणि तेही बाईच्या झोपडीत जसा एका बाजूने उजेड येत होता तशाच उजेडात, चित्रित व्हावे लागते. एका सामान्य ग्राफिक्स कार्डावर हे शिक्षण काही दिवस आणि काही रात्री अखंड चालते. तयार होणारा चेहरा 256 किंवा 320 बिंदूंच्या चौकोनाएवढाच असतो, आणि या एका आकड्याने दिग्दर्शकाचे कितीतरी निर्णय ठरतात. बाईचा चेहरा पडद्यावर त्याहून मोठा झाला की कान आणि केस रेखीव, पण गाल-नाक मात्र मेणाचे, असा विसंवाद दिसू लागतो. म्हणून ज्या अगदी जवळच्या दृश्यासाठी दिग्दर्शकाचा जीव तुटत असतो, नेमके तेच त्याला सोडून द्यावे लागते.

ही कृती फसते कोठे, ते मी तिच्या संगणकावर स्वतः पाहिले. बाईने बोलता बोलता पदर सारखा करण्यासाठी हात तोंडावरून नेला, आणि त्या अर्ध्या सेकंदात चाचणीपुरता बसवलेला चेहरा बोटांच्या वर तरंगला. यंत्राला पुढे हात आहे हे ठाऊकच नव्हते. अशा ठिकाणी चित्रामागून चित्र घेऊन चेहऱ्याचा कोणता भाग झाकलेला आहे हे हाताने आखून द्यावे लागते. बाईने पूर्ण बाजूला मान वळवली की डोळा आणि नाक यांच्या खुणा यंत्राला सापडत नाहीत, आणि मग एखाद्या चित्रात तिचा खरा चेहरा तसाच राहून जातो. हा दोष सर्वांत भयंकर आहे, कारण डोळ्याला तो झटकन जाणवत नाही, पण चित्रपट थांबवून पाहणाऱ्याला नेमका तोच सापडतो. म्हणून सहा हजारच्या सहा हजार चित्रे एकेक करून डोळ्यांखालून घालणे, हाच त्यावर उपाय आहे. दातांची सलग पांढरी पट्टी होणे, केसांच्या कडेला थरथर येणे, गालाचा रंग क्षणोक्षणी बदलणे हे दोष त्या मानाने क्षुल्लक होत.

मग गोंदणाचा प्रश्न आला. बाईच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदलेले होते, ते बसवलेल्या चेहऱ्याखाली गेले. परंतु मनगटावर तिच्या भावाचे नाव होते आणि गुडघ्यावर ठेवलेला तो हात प्रत्येक दृश्यात स्वच्छ वाचता येत होता. आवाज तर मूळचाच होता. तिच्या गावातील माणसाला तिला ओळखण्यासाठी चेहऱ्याची गरजच नव्हती. विद्यार्थिनी कितीतरी वेळ त्या मनगटाकडे पाहत राहिली. तोवर तिने पंधरा दिवस चेहऱ्यावर घालवले होते.

याच ओघात दुसरी एक गोष्ट उघड झाली. जो चेहरा जगापासून लपवावयाचा, त्याचीच सहा हजार स्वच्छ, सरळ केलेली, कापून घेतलेली चित्रे `data_dst` मध्ये, वसतिगृहातील एका लॅपटॉपवर, कोणत्याही कुलुपावाचून पडून होती. चित्रपट जे झाकतो तेच त्याच्या निर्मितीची सामग्री उघडे करून ठेवते. आणि यंत्र भाड्याने घेऊन हे काम इंटरनेटवर केले, तर ती सामग्री तिसऱ्याच्या दप्तरात जाते. तसे करावयाचे असल्यास त्या तिसऱ्याचे नाव दोघींनाही आधी कळले पाहिजे.

संमती मागे घेण्याचा विषय बहुतेक पत्रांत ‘तुम्ही केव्हाही नकार देऊ शकता’ एवढ्या एका वाक्यात उरकला जातो, आणि ते वाक्य सद्हेतूने लिहिलेले असले तरी खरे नसते. चेहरा देणारीची मुद्रा येथे चार अवस्थांत असते : मूळ चित्रण, त्यातून कापलेली चित्रे, शिकलेले यंत्र आणि पूर्ण झालेला चित्रपट. पहिल्या दोन पुसल्या की गेल्या. तिसरीविषयी लोकांचा गैरसमज असा की फोटो पुसले म्हणजे चेहरा पुसला. वस्तुतः तिचा डिकोडर शिल्लक असेल तोवर एकही फोटो न ठेवता तिचा चेहरा नव्याने, हव्या त्या भावासह, हव्या त्या अंगावर काढता येतो. म्हणून `model` पुसण्याचे वचन स्वतंत्रपणे द्यावे लागते. आणि चौथ्या अवस्थेपुढे प्रामाणिकपणे हात टेकावे लागतात. महोत्सवांना गेलेल्या प्रती परत मागता येतात, परंतु त्या आल्याच असे म्हणता येत नाही. शिवाय एका फोटोवरून, कोणतेही शिक्षण न देता, चेहरा चढवणारी साधने आता सर्वांच्या हाती आहेत. त्यामुळे चित्रपटातील एक स्थिरचित्रही कोणाच्या दुर्बुद्धीला पुरेसे आहे. विद्यार्थिनी स्वतः काय करणार नाही याचे वचन देऊ शकते. जग काय करणार नाही याचे वचन तिने देऊ नये.

कायद्याचा आधार पाहू जाता तो आहे, पण आखूड आहे. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण आणि निःसंदिग्ध असावी असे म्हणतो, ती ज्या प्रयोजनासाठी दिली त्यापुरतीच मर्यादित ठेवतो, आणि देणे जितके सोपे तितकेच मागे घेणे सोपे असावे अशी अपेक्षा करतो. संमतीपूर्वीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय देणे त्यात आवश्यक ठरवले आहे. म्हणजे आमच्या अभिनेत्रीला हे सर्व मराठीतून मागण्याचा अधिकार त्या कायद्याने मान्य केलेला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले, आणि संमतीची मुख्य कलमे त्यानंतर अठरा महिन्यांनी अंमलात यावयाची आहेत. परंतु मागे घेण्यापूर्वी झालेला वापर वैध राहतो, हेही तोच कायदा सांगतो.

दुसरा आधार कॉपीराइट अधिनियमाच्या 38-ब या कलमाचा. 2012 च्या दुरुस्तीने कलाकाराला आपल्या प्रयोगाचा कर्ता म्हणून नाव मागण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधक अशी मोडतोड थांबवण्याचा नैतिक हक्क दिला. पण येथे प्रयोग कोणाचा? भाव ज्या बाईचे, ती स्वतःला कलाकार म्हणवीत नाही. चेहरा जिचा, तिने त्या क्षणी काही सादर केलेले नाही. दोघींच्या मध्ये हे कलम अधांतरी राहते. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2023 मध्ये अनिल कपूर यांना आणि मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये अरिजित सिंग यांना जे संरक्षण दिले, ते त्यांच्या कीर्तीला बाजारात मोल आहे या पायावर. हौशी नाट्यसंस्थेतील अभिनेत्रीला बाजारातील असले मोल दाखवता येणार नाही. अमेरिकेतील नटांच्या संघटनेने 2023 मध्ये एकशे अठरा दिवस संप केला, आणि डिजिटल प्रतिकृतीच्या उपयोगाचे पुरेसे नेमके वर्णन दिल्याखेरीज संमती ग्राह्य नाही, अशा आशयाची अट करारात मिळवली. युरोपीय संघाचा 2024 चा कायदा बनावट चित्रण तसे असल्याचे जाहीर करावयास लावतो आणि कलाकृतीच्या बाबतीत ते रसास्वादाला बाधा न येईल अशा रीतीने करण्यास मुभा देतो. आमच्या अभिनेत्रीमागे संघटना नाही, आणि करार म्हणून तिच्या हाती असणार तो हा ई-मेलच. त्यामुळे नेमकेपणाची सारी जबाबदारी त्यावर पडते.

तिसऱ्या वेळी विद्यार्थिनीने जे लिहिले, त्यातील मुख्य भाग तिच्या अनुमतीने देतो.

‘आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार. तुम्ही होकार दिलात, पण मी तुम्हाला पुरते सांगितले नव्हते, म्हणून हे पुन्हा लिहिते आहे. आमच्या लघुपटात एक ऊसतोड कामगार बाई स्वतःवर झालेल्या अन्यायाविषयी चार मिनिटे बोलते. तिच्या चेहऱ्याच्या जागी तुमचा चेहरा दिसेल. बोलणे आणि रडणे तिचे असेल, ते तुम्ही केलेले नसेल; पण पाहणाऱ्याला ते तुम्ही करताना दिसाल. ती काय बोलते ते शब्दशः सोबत जोडले आहे. ते आधी वाचा. त्यातले एखादे वाक्य तुमच्या चेहऱ्याने बोलले जाऊ नये असे वाटले तर सांगा, ते वाक्य मी दुसऱ्या दृश्यावर घेईन.

‘तुमचे चित्रण वीस मिनिटांचे असेल, तयारीसकट दोन तास लागतील. त्यातून सुमारे सहा हजार चित्रे घेतली जातील. ती माझ्या एकाच संगणकावर, सांकेतिक कुलुपात राहतील. इंटरनेटवरच्या कुठल्याही सेवेकडे जाणार नाहीत. काम झाल्यावर तुमचे चित्रण, ती चित्रे आणि तुमचा चेहरा शिकलेले मॉडेल या तिन्ही गोष्टी मी तीस दिवसांत पुसून टाकीन आणि पुसताना तुम्हाला व्हिडिओ कॉलवर दाखवीन. या लघुपटाखेरीज दुसऱ्या कामासाठी, जाहिरातीसाठी किंवा पोस्टरसाठी तुमचा चेहरा वापरणार नाही, आणि कुणाला देणार नाही.

‘अंतिम प्रत होण्याआधी तुम्ही कधीही नाही म्हणालात, तर मी तुमचा चेहरा काढीन, कारण विचारणार नाही. प्रत महोत्सवांना गेल्यानंतर नाही म्हणालात, तर त्या दिवसापासून नवीन ठिकाणी पाठवणार नाही आणि गेलेल्या प्रती परत मागीन, पण त्या सगळ्या परत येतील असे मी सांगू शकत नाही. सुरुवातीला आणि चेहरा दिसत असताना, हा चेहरा बोलणाऱ्या बाईचा नाही अशी पाटी असेल. तरीही कुणी तो तुकडा पाटीशिवाय कापून पसरवू शकतो. तुमच्या भागात टोळ्या येतात, मुकादम येतात. कुणी तुम्हालाच ती बाई समजण्याचा धोका खरा आहे, आणि तो मला पूर्ण टाळता येणार नाही. तुमचे नाव श्रेयनामावलीत द्यायचे की नाही, हे तुम्ही ठरवा. प्रत पाहून मग ठरवलेत तरी चालेल.’

आरंभीच्या दोन वाक्यांपेक्षा हे पत्र लांब झाले, आणि विद्यार्थिनीला भीती अशी की एवढे वाचून ताई नकार देतील. तिच्या सहाध्यायांपैकी काहींचे म्हणणे होते की धोक्याचा परिच्छेद चित्रणानंतर, भेटीत, तोंडी सांगावा. मला ते मान्य झाले नाही. जी गोष्ट ऐकून माणूस नाही म्हणण्याचा संभव असतो, ती होकारानंतर सांगणे म्हणजे सही घेऊन झाल्यावर मजकूर लिहिणे होय. तथापि पत्राच्या लांबीविषयीचा त्यांचा आक्षेप मी अगदीच झिडकारीत नाही. यंत्राच्या अंतर्भागाचे जे वर्णन मी वर केले, त्यातील एन्कोडर-डिकोडर तिने पत्रातून वगळले ते योग्यच केले; चेहरा देणारीला यंत्र कसे चालते यापेक्षा यंत्रात आपले काय शिल्लक उरते, हे समजणे अवश्य असते.

चार दिवसांनी उत्तर आले. ताईंनी नकार दिला नव्हता. त्यांनी बयानातील एक वाक्य वगळावयास सांगितले, ज्यात एका कारखान्याचा उल्लेख होता. त्यांच्या धाकट्या दिराची तेथे नोकरी होती. लघुपट आपल्या जिल्ह्यात दाखवण्यापूर्वी आपल्याला आठ दिवस आधी कळवावे, असेही लिहिले. आणि अखेरीस विचारले होते की, ‘त्या बाईला विचारलंस का, माझा चेहरा तिला चालेल का?’

ते विचारलेले नव्हते. बाईने आपला चेहरा लपवण्यास संमती दिली होती, दुसरीचा धारण करण्यास नव्हे, आणि पहिल्या संमतीत दुसरी आपोआप येते असे आम्ही सर्वांनीच गृहीत धरले होते. विद्यार्थिनीने ताईंकडून एक फोटो दाखवण्यापुरता मागून घेतला आणि दसऱ्याच्या आधी, टोळ्या निघण्यापूर्वी, ती पुन्हा त्या गावी गेली. नाव सांगावयाचे नाही, गाव सांगावयाचे नाही, फोटो तेथे ठेवून यावयाचा नाही, असे ठरले होते. बाईने मोबाइल हातात घेऊन तो चेहरा बराच वेळ पाहिला आणि तिने विचारले ते हेच, की हिला माझ्यापायी काही व्हायचे नाही ना. विद्यार्थिनीने पत्रातील धोक्याचा परिच्छेद तिला वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईने आणखी दोन वाक्ये गाळावयास सांगितली आणि मनगट पदराखाली घेऊन तोच भाग पुन्हा बोलून दिला. त्यामुळे चार मिनिटांची तीन मिनिटे वीस सेकंद झाली, आणि सारी पाच हजार चित्रे यंत्राला पुन्हा नव्याने द्यावी लागली.